टाकी सफाई शनिवार-रविवारी : सहाव्या-सातव्या मजल्याला पाणी का कमी येतं आणि यावेळी काय करायचं

सोसायटीच्या सगळ्या सभासदांना आणि भाडेकरूंना,

येत्या शनिवारी खालची टाकी आणि रविवारी गच्चीवरची टाकी धुवायला काढतोय, नोटीस बोर्डावर चार ओळी लावल्या आहेतच, पण मागच्या वेळी त्या चार ओळींनी काय झालं ते सगळ्यांनी भोगलंय, म्हणून यावेळी सविस्तर लिहितोय. जरा लांब आहे, पण पूर्ण वाचा, खास करून खालच्या तीन मजल्यांवरच्या लोकांनी वाचा, कारण वरच्यांना पाणी मिळणं त्या दोन दिवसांत तुमच्या हातात आहे.

आधी मागच्या वेळचं. शुक्रवारी रात्री मी बोर्डावर लिहिलं की उद्या टाकी सफाई, पाणी भरून ठेवा. चूक माझीच होती. रात्री दहाला गच्चीवरची टाकी रोजच निम्मी असते, कारण मोटर पहाटे पाचला लागते. आपली वरची टाकी 20 हजार लिटरची, 10-10 हजाराचे दोन कप्पे, म्हणजे तेव्हा वर 10 हजार होतं. आपण 28 घरं, प्रत्येकाने पिंप, बादल्या, टब, पातेली मिळून सरासरी 200 लिटर भरलं तरी 5,600 लिटर झालं, आणि ते दोन तासांत गेलं. राहिलं साडेचार हजाराच्या आत. त्यात सकाळी खालची टाकी उपसायची म्हणून पहाटे मोटर लावलीच नव्हती. सकाळच्या आंघोळी सुरू झाल्या आणि आठ वाजायच्या आत पाणी टाकीच्या बुडाच्या पाइपापर्यंत उतरलं, पाइपात हवा शिरली, आणि मग संध्याकाळी टाकी परत भरली तरी सहाव्या-सातव्याच्या नळांतून नुसता फुसफुस आवाज. एअर लॉक. रात्री साडेनऊपर्यंत प्लंबर गच्चीवर पाइप खोलून हवा काढत होता. सातव्यावरच्या एका आजींच्या घरी अंथरुणाला खिळलेला माणूस आहे, त्यांना वॉचमनने तळमजल्यावरून बादल्या नेऊन दिल्या, आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर निम्म्या घरांनी पिंपातलं भरून ठेवलेलं पाणी शिळं झालं म्हणून ओतून दिलेलं. पाणी कमी नव्हतं हो, ते चुकीच्या वेळी चुकीच्या जागी जाऊन बसलं होतं.

आता प्रेशरचं. फोनवर मला नेहमी एकच प्रश्न येतो, टाकीत पाणी आहे तर नळाला धार का नाही? आपल्याकडे वरून येणाऱ्या पाण्याला मोटरचा जोर नसतो, जोर असतो तो फक्त उंचीचा. टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून तुमच्या नळापर्यंत जितके फूट, तितकं प्रेशर, साधारण 33 फुटाला एक किलो. आपली टाकी जिन्याच्या खोलीवर आहे, ती काठोकाठ भरली की सातव्या मजल्याच्या शॉवरच्या वर जेमतेम 15 फूट पाणी असतं, म्हणजे अर्ध्या किलोच्याही आत. पहिल्या मजल्याच्या शॉवरच्या वर 74 फूट, म्हणजे सव्वादोन किलो. टाकीची पातळी अडीच फूट उतरली तर पहिल्या मजल्याचे 74 चे साडेएकाहत्तर होतात, त्यांना काही कळतही नाही. सातव्याचे 15 चे साडेबारा होतात, सहावा हिस्सा गेला, शॉवर बारीक होतो आणि इन्स्टंट गिझर कधी कधी पेटतच नाही. त्यात खालच्या कोणी नळ पूर्ण सोडला की उभ्या पाइपातलं पाणी आधी तिकडे ओढलं जातं, कारण तिकडे जोर जास्त. एकाच वेळी खाली चार घरांत नळ सुरू असतील तर वर पाच मिनिटं काहीच येत नाही. ही कोणाची चलाखी नाही, पाण्याचा स्वभावच तसा आहे, पण खालच्याने नळ अर्धा सोडला तर वरच्याची आंघोळ होते, आणि सहाव्या मजल्याच्या लोकांशी मी इतकी वर्षं खालच्यांच्या वतीने भांडतोय म्हणून हे यावेळी स्पष्ट लिहितोय.

मग सफाई आत्ताच का, पुढच्या महिन्यात का नाही, असं दोघातिघांनी विचारलं. मागच्या आठवड्यात क्लोरोस्कोप आणून मी स्वतः चार ठिकाणी पाणी तपासलं. ही एक छोटी डबी असते, नळीत पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की क्लोरिन आहे आणि जितका गडद पिवळा तितकं जास्त. मीटरपाशी, म्हणजे पालिकेचं पाणी आत येतं तिथे, चांगला पिवळा आला, लिटरला 0.5 मिलिग्रॅम. खालच्या टाकीत फिका. गच्चीवरच्या टाकीत जेमतेम. आणि पहिल्या मजल्याच्या स्वयंपाकघरातल्या नळाला नळी पांढऱ्या कागदासमोर धरली तर पाण्यासारखं पाणी, रंगच नाही. भारतीय मानकाप्रमाणे नळाला निदान 0.2 तरी पाहिजे. मग हे क्लोरिन वाटेत गेलं कुठे? टाकीच्या भिंतींवर बोट फिरवलं तर बुळबुळीत लागतं, तो जिवाणूंचा थर असतो आणि तळाला गाळ, हे दोन्ही क्लोरिन खाऊन टाकतात. पालिकेने शुद्ध करून पाठवलेलं पाणी आपण आपल्याच टाकीत उघडं पाडतोय. खालच्या टाकीचं झाकण उघडून टॉर्च मारली तेव्हा कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढा तपकिरी गाळ साचलेला दिसला, वर काठी लावली की धुरासारखा उठतो. आणि वरच्या टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपाची जाळी फाटलेली, पाइपाच्या तोंडात कबुतराचं पीस अडकलेलं. जाळी बदलायला सांगितलीय, सफाई होईल त्याच दिवशी बसेल.

आता यावेळचा क्रम. शुक्रवारी रात्री अकराला मोटर एकदा लावणार आणि शनिवारी पहाटे पाच ते आठ परत, म्हणजे शनिवारी सकाळी आठला वरचे दोन्ही कप्पे काठोकाठ. मग मोटर बंद. त्या सकाळी पालिकेचं पाणी आत घेणार नाही, मीटरजवळचा कॉक बंद राहील. शनिवारी सकाळी आठ ते रविवारी सकाळी सहा आपण वरच्या 20 हजारावर राहायचंय. दर माणशी दिवसाला 135 लिटर धरलं आणि 112 माणसं, तर पूर्ण दिवसाला 15 हजार लागतात, त्यातलं सकाळी आठच्या आत वापरलं जाणारं वजा केलं तर आपल्याला साधारण 10 हजार लागतील. म्हणजे रविवारी पहाटेही टाकी निम्मी असेल आणि पाइपात हवा शिरायचं कारण नाही. पण शनिवारी आठनंतर परत 28 घरांनी पिंपं भरली तर हाच हिशेब साडेचार हजारावर येतो आणि रविवारच्या सकाळी मागच्यासारखीच वेळ. म्हणून विनंती, पिण्याच्या पाण्याचा एक हंडा आणि दोन बादल्या, तेवढ्याच, आणि त्या शनिवारी पहाटे साडेपाच ते सात या वेळात भरा, तेव्हा मोटर सुरू असते, भरलेलं लगेच भरून निघतं. शुक्रवारी रात्री नको.

शनिवारी प्रेशर दिवसभर हळूहळू उतरत जाईल, संध्याकाळपर्यंत पातळी दीड फूट खाली आलेली असेल. सहाव्या-सातव्याला संध्याकाळी सात ते दहा सगळ्यात जास्त जाणवेल. कपड्याचं मशीन त्या दिवशी कोणीच लावू नका.

खालच्या टाकीत माणूस उतरतो तेव्हाची एक गोष्ट सांगून ठेवतो कारण मुलं खाली खेळत असतात आणि मोठेही कुतूहलाने येऊन उभे राहतात. बंद टाकीत हवा कोंडलेली असते, ऑक्सिजन कमी पडू शकतो आणि माणसाला कळायच्या आत तो खाली पडतो. म्हणून दोन्ही झाकणं तासभर आधी उघडून ठेवायची, ब्लोअरने बाहेरची हवा आत सोडत राहायची, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, आणि तोंडाशी एक माणूस जागेवरून न हलता उभा. आत पेट्रोलचा पंप नेऊ द्यायचा नाही, धुराने जीव जातो. आतला बल्ब 24 व्होल्टचा. ॲसिड टाकून भिंत घासायचं काम कोणी सुचवलं तर नाही म्हणायचं, कारण त्यावर ब्लीचिंग पडलं की विषारी वायू होतो. आणि आत कोणाला चक्कर आली तर कोणीही मागे उडी मारू नये, दोराने वर ओढायचं आणि अग्निशमन दलाला फोन करायचा. शनिवारी मी आणि खजिनदार तोंडाशी आळीपाळीने उभे राहू, बाकीच्यांनी दहा फूट लांब राहा. आगीसाठी राखीव असलेला खालचा कप्पा या दोन दिवसांत उपसत नाही, तो वेगळ्या आठवड्यात करू, म्हणजे इमारत कधीच आगीच्या पाण्याशिवाय राहणार नाही.

घासून, गाळ काढून, स्वच्छ पाण्याने धुऊन झालं की औषध. मागच्या वेळी सफाईवाल्यांनी अंदाजाने मुठी भरून ब्लीचिंग टाकलं होतं आणि दोन दिवस पाण्याला उग्र वास येत होता, काहींच्या अंगाला खाज सुटली. यावेळी मी वजनकाटा घेऊन जातोय. भिंतींवर फवारायला लिटरला 200 मिलिग्रॅम क्लोरिनचं पाणी लागतं. आपण आणलेली पावडर 25 टक्के आहे, म्हणजे 20 लिटरच्या बादलीला 16 ग्रॅम पुरते. ती आधी वेगळ्या भांड्यात थोड्या पाण्यात कालवून ठेवायची, चुना खाली बसला की वरचं नितळ पाणी तेवढं बादलीत घ्यायचं, खालचा चुना टाकीत गेला तर तोच पुन्हा गाळ होतो. फवारा मारून अर्धा तास तसंच ठेवायचं, मग धुऊन ते पाणी उपसून टाकायचं. कोणी सांगतं उघडलेल्या गोणीतली जुनी पावडर चालेल, नाही चालत, ती हवेने मरते, 25 टक्क्यांची दहावर येते आणि आपण समजतो काम झालं.

रविवारी पहाटे पालिकेचं पाणी स्वच्छ खालच्या टाकीत घेऊन मोटरने वर चढवायचं. वरच्या टाकीचा एक कप्पा सकाळी नऊ ते साडेबारा, दुसरा दीड ते पाच. एक चालू राहील, म्हणून पाणी पूर्ण बंद होणार नाही, पण दोन तोंडांऐवजी एका दोन इंची तोंडातून सगळ्या इमारतीचं पाणी जाणार. दुप्पट पाणी एकाच तोंडातून गेलं की तिथे अडथळा चौपट होतो, त्यामुळे टाकी भरलेली दिसली तरी नळ बारीक येईल, रविवारी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा तुम्ही जे कमी प्रेशर बघाल ते हे. साडेबारा ते दीडमध्ये कप्पा बदलताना पाच-दहा मिनिटं पूर्ण बंद होऊ शकतं. धुतलेला कप्पा भरायला मोटरला सव्वा तास लागतो.

या वेळात दोन गोष्टींवर लक्ष द्या. एक, पाणी येत नाही म्हणून नळ उघडा टाकून घराबाहेर जाऊ नका. गेल्या वेळी पाचव्यावर हेच झालं, पाणी आलं तेव्हा घरी कोणी नव्हतं, हॉलमधून जिन्यात आणि जिन्यातून लिफ्टच्या खड्ड्यात, लिफ्ट दोन दिवस बंद. दोन, हँड शॉवर किंवा संडासातला जेट बादलीत बुडवून ठेवू नका. पाइपातलं पाणी खाली सरकताना तो उलटा शोषून घेतो, बादलीतलं मळकं पाणी पाइपात जातं आणि मग ते कोणाच्या नळातून बाहेर येईल सांगता येत नाही. ज्या तीन घरांनी स्वतःच्या लाइनवर छोटा प्रेशर पंप बसवलाय त्यांना मी समोर येऊन सांगितलंय, इथेही सांगतो, दोन दिवस त्याचं बटण बंद ठेवा. पातळी कमी असताना तो पंप शेजाऱ्याच्या पाइपातलं पाणी आणि हवा दोन्ही ओढतो, आणि एअर लॉकची सुरुवात तिथूनच होते.

गिझरचं बटण शनिवारी सकाळी आठपासून बंद, गरज लागली तर नळाला पाणी नीट येतंय ना बघून लावा. वॉटर प्युरिफायर आणि वॉशिंग मशीनच्या मागचा छोटा कॉक रविवारी सकाळी नऊलाच बंद करून टाका, कारण पहिल्या पाण्यात सुटलेला गाळ आणि जास्तीचं क्लोरिन असतं, त्याने फिल्टर भरतो आणि मशीनच्या नळीतली जाळी तुंबते.

संध्याकाळी सहानंतर पाणी सुरळीत होईल, तेव्हा स्वयंपाकघराचा नळ पहिला उघडू नका. आधी बाथरूमचा मोठा नळ अर्धा उघडा, तोंडाची जाळी फिरवून काढा, आणि ते पाणी फ्लश किंवा फरशीला वापरा. नळ थोडा थुंकेल, ती हवा आहे, घाबरू नका. पाणी पांढरं दिसलं तर काचेच्या ग्लासात घेऊन ठेवा. खालून वर स्वच्छ होत गेलं तर ते हवेचे बुडबुडे आहेत, पाणी चांगलं आहे. रंग तसाच राहिला किंवा तळाला काही बसलं तर तो गाळ आहे, दहा मिनिटं वाहू द्या, तरी गेला नाही तर मला कळवा, फ्लॅट नंबर आणि कुठला नळ ते लिहून, नुसतं पाणी घाण येतंय असं लिहू नका कारण स्वयंपाकघराची आणि बाथरूमची लाइन वेगळी आहे आणि मला कुठला कॉक बघायचा ते कळत नाही. एखाद्या नळाला अर्ध्या तासात काहीच आलं नाही पण शेजारी येतंय, तर तो एअर लॉक समजा, शोषून काढायला किंवा पंप लावायला जाऊ नका, प्लंबर रात्री नऊपर्यंत गच्चीवर थांबणार आहे.

रात्री आठला मी पहिल्या मजल्याच्या आणि सातव्या मजल्याच्या एकेका नळाचं पाणी परत क्लोरोस्कोपने बघणार. 0.2 ते 0.5 च्या मध्ये आलं तर वापरा असा मेसेज टाकतो. 0.2 पेक्षा कमी आलं तर 10 हजार लिटरच्या एका कप्प्याला 40 ग्रॅम पावडर, म्हणजे 1 मिलिग्रॅमचा डोस नितळ करून टाकून तासाभराने परत तपासू, तोवर पिण्यासाठी भरून ठेवलेलं पाणी वापरा. जास्त आलं तर वास येईल, तेव्हा पाणी उघड्या भांड्यात ठेवून प्या. जंतूंची तपासणी लॅबला नमुना देऊन होईल, त्याचा रिपोर्ट बोर्डावर लावतो, 100 मिलिलिटरमध्ये ई. कोलाय शून्य असायला पाहिजे.

सफाई झाल्यावर भिंत बघायला कोणाला यायचं असेल तर वरच्या टाकीचा पहिला कप्पा भरायच्या आधी, रविवारी साडेअकराला गच्चीवर या, एका वेळी दोघंच. पांढरं फडकं आणा आणि हात पोचेल तिथवर आतल्या भिंतीवर फिरवा. फडक्यावर हिरवट किंवा तपकिरी आलं तर मी परत घासायला लावणार, पैसे तोवर देणार नाही.

सहाव्या-सातव्यावर कोणी आजारी, बाळंतीण किंवा एकटं म्हातारं माणूस असेल तर मला शुक्रवारपर्यंत नाव द्या. त्यांच्या घरी शनिवारी सकाळी आठच्या आत भरलेले दोन हंडे वॉचमन पोचवेल, आणि रविवारी दुपारी पुन्हा एक. मागच्या वेळच्या आजींचं नाव यादीत पहिलं लिहिलंय.

आपला,
सेक्रेटरी